वारा नसतानाही पानकिडा का झुलतो?

प्रश्न: आमचं गाव सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याला. परसातल्या पेरूवर हुबेहूब पानासारखा किडा सापडला. नीट बघायला वाकलो तर तो डावी-उजवीकडे झुलायला लागला, आणि तेव्हा वारा अजिबात नव्हता. ही वाऱ्यात हलणाऱ्या पानाची नक्कल म्हणायची की किडा घाबरून थरथरत होता? काडीकिडेही असंच करतात का? आणि हलल्यामुळे तो उलट उठून दिसत नाही का?

उत्तर:

थरथर नक्की नव्हे. थरथरीत अंग बारीक आणि भराभर कापतं. तुम्ही पाहिलं ते सावकाश, एका लयीत, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाणारं डोलणं होतं. पुन्हा असा किडा दिसला तर त्याच्या पायांकडे बघा. पंजे जिथे रोवलेले असतात तिथून ते हलत नाहीत. एका बाजूचे पाय गुडघ्यात वाकतात, त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे ताणले जातात, आणि मधलं शरीर आडवं सरकतं. मग उलट. म्हणजे ही स्नायूंनी मुद्दाम केलेली हालचाल आहे आणि तिच्यासाठी पायांचा चांगला मेळ लागतो. काडीकिडे आणि पानकिडे एकाच गणातले, आणि हे डोलणं दोघांतही आढळतं.

हे डोलणं समजण्याआधी त्यांचं स्तब्ध राहणं समजून घ्यायला हवं, कारण दिवसाचा बहुतेक वेळ हे किडे हलतच नाहीत. खाणं, फिरणं, कात टाकणं, अंडी घालणं ही कामं बहुतांशी रात्रीची. दिवसा पक्षी, सरडे, माकडं अशी डोळ्यांनी शिकार शोधणारी मंडळी जागी असतात, म्हणून तेव्हा काडी होऊन राहायचं. काडीकिडा पुढचे दोन पाय सरळ पुढे ताणतो आणि मिशाही त्यांच्याच रेषेत ठेवतो. त्या पुढच्या पायांची मांडी भिंगातून पाहिलीत तर बुडाशी ती आतून वाकलेली दिसेल. दोन्ही पाय पुढे जुळले की त्या दोन बाकांच्या मध्ये डोक्यापुरती जागा उरते आणि डोकं तिथे बसतं. गोल डोकं आणि डोळे ही कोणत्याही प्राण्याची चटकन ओळखू येणारी खूण. तीच झाकली गेली की उरते ती एक लांब, गाठी असलेली काडी. पानकिड्याच्या मांडीलाही असाच बाक असतो, शिवाय मांडीच्या दोन्ही कडांना पानाच्या तुकड्यांसारखे पसरट पडदे असतात.

ही रचना फार जुनी आहे. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत पानकिड्याचा सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आणि 2007 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या नराचं पोट पानासारखं रुंद होतं आणि पुढच्या मांड्यांना हाच बाक होता. म्हणजे पुढचे पाय जुळवून डोकं झाकण्याची लकब तेव्हाही होती असं मानायला चांगला आधार आहे. आज युरोपात पानकिडे नाहीत. त्या काळी तिथलं हवामान उष्ण होतं.

आता स्तब्ध म्हणजे किती स्तब्ध? यावर सर्वाधिक काम झालं ते आपल्याकडच्याच एका काडीकिड्यावर. त्याचं शास्त्रीय नाव कॅरॉशियस मोरोसस आणि त्याचं मूळ घर तामिळनाडूतल्या पळनी डोंगरांत. एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होण्याच्या सुमारास तो युरोपात गेला. या जातीच्या माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्या अंड्यांतून पिल्लं निघतात, त्यामुळे प्रयोगशाळांत तो सहज रुळला. दिवसा निपचित पडलेल्या या किड्याचा पाय चिमट्याने अलगद उचलून वेगळ्या कोनात ठेवला तर तो तिथेच राहतो, मेणाचा असल्यासारखा. मग तो मूळ जागी येतो, पण इतक्या संथ गतीने की टक लावून बसलात तरी हलताना दिसत नाही. थोड्या वेळाने बघावं तर कोन बदललेला असतो, एवढंच.

जर्मन शास्त्रज्ञ उलरिख बेस्लर यांनी आयुष्याचा मोठा भाग या एका गुडघ्याचा अभ्यास करण्यात घालवला. मांडीच्या आत एक बारीक ज्ञानेंद्रिय असतं आणि गुडघा किती वाकलाय हे ते सतत मोजतं. कुणी बाहेरून पाय हलवला की त्याच्या संदेशावरून स्नायू त्या हालचालीला विरोध करतात. पाय सोडून दिल्यावर तो लगेच झटक्याने परत यायला हवा होता. या किड्यांत मात्र स्नायू फारच हळू सैल होतात, आणि परतीची गती बघणाऱ्याच्या डोळ्याला जाणवण्याच्या मर्यादेखाली राहते. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की रंग आणि आकार सोडाच, त्यांच्या मज्जासंस्थेचं वागणंसुद्धा शत्रूच्या नजरेला पुरून उरेल असं घडलेलं आहे. किडा रात्री चालायला लागला की तोच गुडघा वेगळा वागतो. त्याच इंद्रियाकडून तोच संदेश येतो, पण विरोध करण्याऐवजी स्नायू त्या हालचालीला हातभार लावतात.

मग इतकं स्थिर राहता येत असताना हलायचंच कशाला?

कारण वारा सुटल्यावर झाडावर स्थिर असं काही उरत नाही. पक्ष्याचा किंवा सरड्याचा डोळा हालचाल टिपण्यात तरबेज असतो, पण झाडावर तर हजारो पानं हलत असतात. प्रत्येक पानाच्या सळसळीकडे वळून पाहणारा सरडा उपाशी मरेल. म्हणून त्याची नजर पानांच्या नेहमीच्या हालचालीकडे दुर्लक्ष करते आणि त्या लयीत न बसणाऱ्या गोष्टीवर थांबते. एखादी चाल फार झटक्याची असेल, एकाच दिशेने सरळ जाणारी असेल, तर ती उठून दिसते. सगळं डोलत असताना एकच पान ताठ राहिलं तर तेही वेगळं पडतं.

इथे एक शंका साहजिक आहे. किडा फांदीवर बसलाय आणि फांदी वाऱ्याने हलतेय, मग तो आपोआपच हलणार. स्वतः डोलायची गरज काय? याचं उत्तर माझ्या मते देठात आहे. पेरूचं पान फांदीला एका देठाने जोडलेलं असतं. वारा आला की फांदी तिच्या गतीने हलते आणि पान देठावर स्वतंत्रपणे झुलतं, पिळवटतं. म्हणजे पानाला दोन हालचाली असतात, फांदीची आणि स्वतःची. सहा पायांनी फांदी घट्ट धरलेल्या किड्याला फक्त फांदीची हालचाल मिळते. शेजारची पानं फांदीच्या तुलनेत हलतात आणि हे एक पान फांदीला खिळ्याने ठोकल्यासारखं राहतं. पाय वाकवून-ताणून डोलल्यावर ती राहिलेली दुसरी हालचाल भरून निघते.

हा नुसता तर्क राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समध्ये एक्स्टाटोसोमा टियारॅटम नावाचा काटेरी काडीकिडा आढळतो. मादी वीतभर लांब, बिनउड्डाणाची आणि भारी अंगाची. पोटाचं टोक वर वळवून फांदीला उलटी लटकते तेव्हा निलगिरीच्या सुकलेल्या, मुरडलेल्या पानांचा झुबका वाटते. हा किडा डोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. शुए बियान, मार्क एल्गर आणि रिचर्ड पीटर्स यांनी त्याच्या डोलण्याचा पद्धतशीर अभ्यास करून 2016 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी वाऱ्यात आणि वारा नसताना हे किडे कसे वागतात ते पाहिलं, त्यांच्या डोलण्याचं चित्रीकरण केलं आणि वाऱ्याने हलणाऱ्या झाडांच्या चित्रीकरणाशी ते ताडून बघितलं. वारा लागला की किडे डोलतात, आणि त्या डोलण्याची लय झाडांच्या हालचालीशी मिळतीजुळती असते, असं त्यातून दिसलं.

यातून किती सिद्ध होतं हे जपून बोलायला हवं. किड्याची लय झाडासारखी आहे हे एक, आणि त्यामुळे शिकारी फसतो हे दुसरं. पहिलं कॅमेऱ्याने मोजता येतं. दुसऱ्यासाठी खरा पक्षी किंवा सरडा समोर ठेवून, डोलणारा आणि न डोलणारा किडा यांतला कोणता आधी पकडला जातो हे बघावं लागतं. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे आणि ते योग्य आहे. तरीही मी या स्पष्टीकरणाच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण त्याच पीटर्स यांचं आधीचं एक काम. ऑस्ट्रेलियातला जॅकी ड्रॅगन नावाचा सरडा दुसऱ्या सरड्याचं लक्ष वेधण्यासाठी शेपटी झटकतो. वारा वाढून आजूबाजूची झुडपं जोरात हलायला लागली की तो शेपटी झटकण्याची पद्धत बदलतो आणि जास्त वेळ झटकत राहतो, असं पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं. हलत्या झाडीत साधा इशारा बुडून जातो, म्हणून दिसण्यासाठी सरड्याला जास्त कष्ट घ्यावे लागतात. ज्याला दिसायचंय त्याची ही अडचण आहे. ज्याला दिसायचं नाही, त्याच्यासाठी तीच हलती झाडी आयता आडोसा ठरते.

आता तुमचा खरा प्रश्न. वारा नव्हता, तरी तो झुलला.

यातली एक शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही वाकलात तेव्हा तुमचा श्वास त्याच्यावर गेला असेल. हातभर अंतरावरून सोडलेला श्वास आपल्याला जाणवत नाही, पण किड्याच्या अंगावर तो वाऱ्याची झुळूक म्हणूनच पोचतो. फांदीला आपला खांदा किंवा पिशवी लागली तरी तसंच, कारण फांदी हलली म्हणजे त्याच्या लेखी वारा आला. मी पाळलेल्या काडीकिड्यांच्या जाळीच्या पेटीत हे नेहमी दिसतं. पेटीचं दार उघडलं की झुळूक लागून आधी एक डोलायला लागतो, फांदी हलली की शेजारचाही. नुसतं लांबून बघत राहिलं तर सगळे गप्प असतात.

दुसरं म्हणजे, जागा बदलण्याआधी आणि चालतानाही हे किडे डोलतात. पानकिडा चालताना सरळ जातच नाही. एक पाऊल पुढे, मग अंग मागेपुढे हलतं, थांबतो, पुन्हा पाऊल. चालणं तर टाळता येत नाही, तेव्हा ते झुळुकीत हलणाऱ्या पानाच्या हालचालीत लपवायचं. तुम्ही जवळ गेल्यावर तो कदाचित निघण्याच्या तयारीत असेल.

तिसरं स्पष्टीकरण वेगळ्या दिशेचं आहे. डोकं डावी-उजवीकडे नेलं की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकलेल्या दिसतात आणि त्यावरून अंतर कळतं. नाकतोडे आणि खंडोबाचे किडे उडी किंवा झेप घेण्याआधी असं अंग हलवून अंतर जोखतात. काडीकिड्यांचं डोलणंही अंशतः बघण्यासाठी असावं असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. मला ते लपण्याच्या स्पष्टीकरणाच्या विरोधात वाटत नाही. एकाच हालचालीचे दोन उपयोग असू शकतात. पण नुसत्या वाऱ्याने, समोर काही नसतानाही ते डोलतात, हे फक्त बघण्याच्या स्पष्टीकरणात बसत नाही.

हलल्याने उठून दिसत नाही का, असं तुम्ही विचारलंत. दिसतो. तुम्हाला दिसलाच. शांत हवेत बाकीची पानं स्तब्ध असताना एकच पान झुललं तर ती चूकच आहे, आणि सावध शिकारी तिचा फायदा घेणार. पण किड्याच्या बाजूने हिशोब बघा. जंगलात फांदी हलण्याचं किंवा अंगावर झुळूक येण्याचं कारण बहुतेक वेळा वाराच असतो, आणि तेव्हा डोलणं बरोबर ठरतं. अगदी जवळ येऊन श्वास सोडणारा प्राणी क्वचित भेटतो, आणि तो इतक्या जवळ पोचला असेल तर लपणं तसंही जवळजवळ फसलेलंच असतं. त्यानंतरचे उपाय वेगळे आहेत: फांदी सोडून खाली पाचोळ्यात पडायचं आणि काडीसारखं निश्चल राहायचं, किंवा पाय पकडला गेला तर तो बुडाशी तोडून निघून जायचं. पिल्लू असेल तर पुढच्या कातींबरोबर पाय परत येतो, सुरुवातीला थोडा आखूड. पूर्ण वाढ झालेला किडा पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे त्याचा गेलेला पाय गेला तो गेलाच.

लपण्याची ही सगळी तयारी डोळ्यांनी शोधणाऱ्यांपुरती आहे आणि योग्य जागेपुरतीही. रात्री ट्यूबलाइटकडे येऊन पांढऱ्या भिंतीवर बसलेला काडीकिडा कितीही डोलला तरी पालीला दिसतोच. अंड्यांचंही तसंच. ती बियांसारखी दिसतात, माद्या ती खाली टाकतात आणि पाचोळ्यात माणसाला ती सापडता सापडत नाहीत. पण सोनेरी-हिरव्या चमकदार गांधीलमाश्यांच्या कुळातल्या काही बारीक माश्या नेमकी हीच अंडी हुडकून त्यांत स्वतःचं अंडं घालतात. तिथे बीसारखं दिसून काही उपयोग होत नाही. एक्स्टाटोसोमाच्या अंड्याला एक गुंडी असते. मुंग्या ती खाण्यासाठी अंडं वारुळात नेतात आणि उरलेलं अंडं तिथेच सुरक्षित राहतं. त्यातून निघालेलं पिल्लू काडीसारखं नसतंच. ते मुंगीसारखं दिसतं आणि तसंच लगबगीने पळतं, पुढे काही दिवसांनी झाडावर स्थिरावून डोलू लागतं. म्हणजे काडी किंवा पान होणं हा या किड्यांचा एकमेव वेष नाही, वयाप्रमाणे तो बदलतो.

तुमचा पानकिडा बहुधा मादी असणार. मादी रुंद, तिच्या मिशा अगदी आखूड, आणि पाठीवरचे पुढचे पंख मिटले की त्यांच्या शिरा जुळून पानाची मधली शीर तयार होते. ती उडू शकत नाही. नर सडपातळ, मिशा लांब, मागचे पंख पारदर्शक, आणि तो उडतो. मादीच्या कडांवर तपकिरी डाग असतील तर ते रोग समजू नका. किडींनी कुरतडलेल्या पानावर जशा वाळक्या कडा असतात तसेच ते दिसतात. नुकतं निघालेलं पिल्लू बहुतेक जातींत गडद तांबूस-तपकिरी असतं आणि पेरूची पानं खायला लागल्यावर हिरवं होतं, हेही लक्षात ठेवा, नाहीतर ते वेगळाच किडा वाटेल.

तो अजून त्याच झाडावर असेल तर स्वतः तपासून बघता येईल. सकाळी हवा पडलेली असताना दोन हातांवर मोबाइल काठीला बांधून ठेवा, स्लो मोशन चित्रीकरण सुरू करा आणि बाजूला व्हा. चौकटीत किडा आणि त्याच फांदीवरचं एक खरं पान, दोन्ही यायला हवीत. थोडा वेळ काहीच करू नका. ही तुलनेसाठीची नोंद. मग बाजूने पुठ्ठ्याने अगदी हलकी झुळूक द्या, फांदीला हात न लावता. नंतर चित्रफितीत दोघांचे झोके मोजा. समजा दहा सेकंदांत पानाचे पंधरा आणि किड्याचे बारा झाले, तर लय जवळची आहे. पानाचे पंधरा आणि किड्याचे दोन झाले तर तो बहुधा फांदीबरोबर नुसता हलतोय. पाय वाकताना दिसतायत का हेही त्याच चित्रफितीत बघा, कारण स्वतः डोलणं आणि फांदीने हलवणं यांतला फरक तिथेच कळतो. आणि झुळूक थांबल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका. पान थांबल्यावर किडा आणखी किती वेळ डोलत राहतो, हे मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

पेरूखालचा पाचोळा मात्र यंदा झाडून जाळू नका. मादीने अंडी घातली असतील तर ती त्याच पाचोळ्यात आहेत, आणि ती उबायला काही महिने लागतात.